स्टोकॅस्टिक आरएसआय स्वतः मांडून बघा : तो इतके सिग्नल का देतो ते आपोआप कळेल

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी आमच्या सोसायटीतल्या काकांचा फोन येतो. "अहो, ऐंशीच्या वर गेलाय, विकून टाकू का?" मी विचारतो, "काय गेलंय ऐंशीच्या वर? आरएसआय की स्टोकॅस्टिक आरएसआय?" पलीकडे शांतता. मग, "ते एकच ना?"

एकच नाही. आणि हा गोंधळ काकांचा एकट्याचा नाही. पुण्यात शनिवार-रविवारी चालणाऱ्या शेअर बाजाराच्या क्लासांमधून 'स्टोकॅस्टिक आरएसआय म्हणजे जास्त सेन्सिटिव्ह आरएसआय' एवढं एक वाक्य सांगून पुढची स्लाइड लावतात. 'सेन्सिटिव्ह' म्हटलं की लोकांना वाटतं, म्हणजे जास्त हुशार असणार. तो हुशारबिशार काही नाही, त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. हे कळायला वाचण्यापेक्षा एकदा स्प्रेडशीटवर हाताने मांडून बघणं हा सगळ्यात जवळचा रस्ता.

पायरी १ : भाव गोळा करा

एका शेअरचे साधारण वर्षभराचे, म्हणजे २५० दिवसांचे बंद भाव स्प्रेडशीटच्या बी रकान्यात, जुन्यापासून नव्यापर्यंत, दुसऱ्या ओळीपासून उतरवा. तीस-चाळीस दिवसांवर भागवू नका. आरएसआयच्या सरासरीत सुरुवातीच्या आकड्याचा वास बराच काळ राहतो. पन्नास दिवसांनंतरही त्याचं वजन अडीच टक्के असतं, शंभर दिवसांनी ते नगण्य होतं.

पायरी २ : आरएसआय

हा वेल्स वाइल्डरने १९७८ साली मांडला. चौदा दिवसांच्या वाढीची सरासरी आणि घटीची सरासरी काढायची, आणि दोन्हींच्या बेरजेत वाढीचा वाटा किती टक्के ते बघायचं.

```
C3:  =MAX(B3-B2,0)
D3:  =MAX(B2-B3,0)
E16: =AVERAGE(C3:C16)
F16: =AVERAGE(D3:D16)
E17: =(E16*13+C17)/14
F17: =(F16*13+D17)/14
G16: =100*E16/(E16+F16)
```

C3, D3, E17 आणि F17 खाली ओढा, G16 सुद्धा. इथे काही लोक रोज साधी सरासरी घेतात. ते चूक नाही, पण मग तुमचा आकडा चार्टवरच्या आकड्याशी जुळणार नाही.

पायरी ३ : त्याच आरएसआयवर स्टोकॅस्टिक

स्टोकॅस्टिक ही जॉर्ज लेनच्या नावाने ओळखली जाणारी जुनी युक्ती. आजचा भाव गेल्या काही दिवसांच्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यात नेमका कुठे आहे, एवढंच ती सांगते. तुषार चांदे आणि स्टॅन्ली क्रोल यांनी १९९४ साली ती भावाऐवजी आरएसआयला लावली. त्यांची अडचण खरी होती. आरएसआय महिनोन्‌महिने मधल्या पट्ट्यात घुटमळतो, टोकाला जातच नाही, आणि टोकाची वाट बघणारा ट्रेडर नुसता बसून राहतो.

```
H29: =(G29-MIN(G16:G29))/(MAX(G16:G29)-MIN(G16:G29))
```

हे खाली ओढलं की स्टोकॅस्टिक आरएसआय तयार. उत्तर शून्य ते एकच्या मधे येतं. बऱ्याच चार्टवर ते शंभराने गुणून दाखवतात, आणि काकांचा 'ऐंशी' तिथूनच येतो. या सूत्रात भाव कुठेही नाही हे नीट बघून घ्या. भावापासून आरएसआय निघतो आणि त्या आरएसआयपासून हा. म्हणून याला ऑसिलेटरचा ऑसिलेटर म्हणतात.

पायरी ४ : तो नेमकं काय म्हणतोय ते समजून घ्या

बाकीच्या पायऱ्या वाटेत उरकल्या तरी चालतील, इथे मात्र बसा. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला होता, कारण सूत्र पाठ झालं की विषय समजला असं वाटायला लागतं.

आधी एक पुणेरी उदाहरण. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता साधारण २९ टीएमसी. समजा जुलैच्या सुरुवातीला साठा ५ टीएमसीवर होता आणि दोन आठवड्यांत तो ८ झाला. धरणं किती भरली असं विचारलं तर उत्तर सत्तावीस-अठ्ठावीस टक्के. पण 'गेल्या चौदा दिवसांच्या मानाने आज साठा कुठे आहे' असं विचारलं तर उत्तर शंभर टक्के, कारण आजचाच साठा सर्वांत जास्त. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण दुसरं उत्तर ऐकून कोणी पाणीकपात मागे घेतली तर त्याला काय म्हणाल? आरएसआय हा पहिला प्रश्न, स्टोकॅस्टिक आरएसआय हा दुसरा.

आता आकड्यांत बघू. समजा चौदा दिवसांचे आरएसआय असे आहेत :

५२.०, ५३.५, ५१.२, ४९.८, ४८.६, ५०.१, ५२.४, ५४.०, ५५.१, ५३.७, ५१.९, ५०.६, ५३.२, ५६.०

सर्वांत कमी ४८.६, सर्वांत जास्त आजचा ५६.०. म्हणजे स्टोकॅस्टिक आरएसआय थेट १. चार्टवर रेघ छताला टेकलेली, क्लासच्या भाषेत 'कडक ओव्हरबॉट'. प्रत्यक्षात आरएसआय ५६ आहे, म्हणजे बाजार जेमतेम तेजीकडे झुकलाय. पंधराव्या दिवशी आरएसआय ५५.० झाला तर आकडा ०.८६. सोळाव्या दिवशी ५१.० झाला तर ०.३२. आरएसआय पाच अंश हलला आणि हा पठ्ठ्या छतावरून खालच्या तिसऱ्या हिश्श्यात येऊन पडला. कारण आख्खी मोजपट्टीच ७.४ अंशांची आहे.

आरएसआयचं पाच अंशांनी हलणं म्हणजे किती मोठी गोष्ट? समजा शेअर ८०० रुपयांचा आहे, त्याची सरासरी वाढ ४ रुपये आणि सरासरी घट ४ रुपये. आरएसआय ५०. या शेअरचा रोजचा हेलकावा सरासरी ८ रुपये, म्हणजे एक टक्का. उद्या तो ८ रुपयांनी वाढला तर आरएसआय ५३.६ होतो. परवा पुन्हा तेवढाच वाढला तर ५६.९. वरच्या यादीतला ५६.० चा उच्चांक मोडायला एवढं पुरेसं आहे. म्हणजे खालच्या पाचव्या हिश्श्यात उभा असलेला स्टोकॅस्टिक आरएसआय दोन साध्या, रोजच्यासारख्या दिवसांत छताला लागतो. आरएसआयला त्याच शेअरमध्ये ५० वरून ओव्हरबॉट समजली जाणारी ७० ची रेघ ओलांडायला असे लागोपाठ सात दिवस लागतात, एकही लाल दिवस मधे न येता. सहाव्या दिवशी तो ६७.९ वर असतो, सातव्या दिवशी ७०.२. दोन दिवस आणि सात दिवस, सिग्नलांच्या संख्येतला फरक इथूनच येतो. बाकी 'सेन्सिटिव्हिटी' वगैरे शोभेचे शब्द.

हेच दुसऱ्या बाजूने बघता येतं. आरएसआय ७० व्हायला सरासरी वाढ ही सरासरी घटीच्या सव्वादोन पटीहून थोडी जास्तच लागते. ही अट बाजाराने पूर्ण केली तर केली, नाहीतर वर्षभर नाही. स्टोकॅस्टिक आरएसआयला अशी अटच नाही. कोणत्याही चौदा आकड्यांत एक सर्वांत मोठा असतोच आणि एक सर्वांत लहान असतोच. आजचा आकडा त्यातला एक निघाला की झालं. आरएसआयचे रोजचे आकडे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले असते, तर आजचा सर्वांत मोठा असण्याची शक्यता चौदात एक, सर्वांत लहान असण्याची तेवढीच, म्हणजे चौदा टक्के दिवस तो अगदी टोकाला टेकलेला. पण आजचा आरएसआय कालच्याच्या शेजारीच असतो, उड्या मारत नाही. तो कालच्यापासून वाटेल त्या दिशेला एक एक पाऊल टाकत पूर्णपणे भटकत असता, तर गणिताने हा आकडा साधारण ३१ टक्क्यांवर जातो. खरा आरएसआय या दोहोंच्या मधला प्राणी आहे. तो पावलापावलाने चालतो खरा, पण पन्नासकडे ओढलाही जातो. आणि हा हिशोब फक्त नेमक्या ० आणि १ चा. ०.२ च्या खालचे आणि ०.८ च्या वरचे दिवस धरले तर संख्या आणखी वाढते. थोडक्यात, हे सिग्नल बाजारात काही घडलंय म्हणून येत नाहीत, मोजण्याची पद्धतच तशी आहे म्हणून येतात.

तेजीत तर आणखी गंमत. शेअर छान चढतोय, चौदा दिवस आरएसआय ६३ ते ७१ च्या मधे आहे. दोन लाल दिवस आले, आरएसआय ६३ च्या किंचित खाली उतरला. स्टोकॅस्टिक आरएसआय शून्य! चार्टवर 'ओव्हरसोल्ड'. ज्या शेअरमध्ये वाढीची सरासरी घटीच्या दीडपटीहून जास्त आहे तो शेअर ओव्हरसोल्ड म्हणायचा? म्हणून या इंडिकेटरसाठी हे दोन शब्द वापरूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. 'आरएसआयचा चौदा दिवसांचा उच्चांक' आणि 'आरएसआयचा चौदा दिवसांचा नीचांक' असं म्हणा. लांबलचक वाटेल, पण 'आरएसआयचा चौदा दिवसांचा उच्चांक झालाय, विकू का?' असं काका स्वतःच्या तोंडाने म्हणाले की पुढचा प्रश्न त्यांनाच पडतो.

आता या पायरीतला सर्वांत फसवा भाग. वरची यादी पुढे नेऊ. सतराव्या दिवशी आरएसआय ५१.८, अठराव्या दिवशी ५२.६. त्या दिवशी स्टोकॅस्टिक आरएसआय ०.५४. एकोणिसाव्या दिवशी शेअर अगदी कालच्याच भावाला बंद झाला. बदल शून्य. भाव जिथल्या तिथे असला की वाढ-घट दोन्ही सरासऱ्या सारख्याच प्रमाणात आटतात, त्यामुळे आरएसआयही जिथल्या तिथे, ५२.६. पण स्टोकॅस्टिक आरएसआय ०.४२ वर उतरतो. भाव हलला नाही, आरएसआय हलला नाही, मग हा का हलला? कारण पाचव्या दिवसाचा ४८.६ आज चौदाच्या खिडकीतून बाहेर पडला. नवा नीचांक ५०.१ झाला, पट्टी ७.४ वरून ५.९ अंशांची झाली आणि जागच्या जागी असलेला आकडा खाली ढकलला गेला.

म्हणजे चार्टवर रेघ वळलेली दिसते तेव्हा ती आज काही झालं म्हणून वळली की दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा एखादा आकडा गळून पडला म्हणून वळली, हे नुसतं बघून सांगता येत नाही. रेघेचं वळण बघून तिथल्या तिथे ऑर्डर टाकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ओळखायची युक्ती सोपी आहे. स्टोकॅस्टिक आरएसआयची हालचाल दिसली की शेजारच्या रकान्यात आरएसआय किती हलला ते बघा. तो अर्ध्या अंशाच्या आत असेल आणि हा दहा टक्क्यांनी सरकला असेल, तर खिडकीने केलेला खेळ आहे, बाजाराने नव्हे.

पायरी ५ : पट्टीची रुंदी वेगळी लिहा

कुठल्याही तयार चार्टवर ही दिसत नाही, म्हणूनच स्प्रेडशीट.

```
K29: =MAX(G16:G29)-MIN(G16:G29)
```

एक साधारण दिवस पन्नासच्या आसपास आरएसआयला साडेतीन अंश हलवतो हे वर पाहिलं. म्हणजे रुंदी दहाच्या आत असेल तर रोजच्यासारखे तीन दिवस संपूर्ण पट्टी पार करायला पुरतात. अशा वेळी आलेला सिग्नल मी बघतच नाही. हा दहाचा आकडा माझा अंदाजपंचे नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नव्हे. तुमच्या शेअरचा आरएसआय एका दिवसात किती हलतो ते बघून तुमचा आकडा ठरवा.

रुंदी शून्य झाली तर `#DIV/0!` येईल. सलग अप्पर सर्किट लागलेल्या नव्या शेअरमध्ये हे हमखास होतं. घटच नाही, आरएसआय शंभरावर गोठलेला. तिथे IFERROR लावून चूक झाकू नका. तिथे खरंच उत्तर नाही.

पायरी ६ : के आणि डी

```
I31: =AVERAGE(H29:H31)
J33: =AVERAGE(I31:I33)
```

आय रकाना म्हणजे के, जे रकाना म्हणजे डी. ट्रेडिंगव्ह्यूवर `Stoch RSI` लावला की जे दिसतं ते हे. तिथे मूळ सेटिंग 3, 3, 14, 14 असतं, म्हणजे मूळ आकडा तुम्हाला दाखवतच नाहीत, तीन दिवसांनी गुळगुळीत केलेला दाखवतात. तुमच्या एच रकान्याशी ताळा करायचा असेल तर तिथल्या सेटिंगमधे K च्या जागी 1 टाका. आणि यादीतून निवडताना नुसता `Stochastic` निवडू नका, तो भावावरचा, वेगळा प्राणी आहे.

गुळगुळीत केल्याने खोटे सिग्नल कमी होतात हे खरं, पण त्याची किंमत मोजावी लागते. आपल्याच उदाहरणात सोळाव्या दिवशी मूळ आकडा ०.३२ वर आलाय, पण के ०.७३ दाखवतोय. सतराव्या दिवशी मूळ आकडा ०.४३ वर चढला, तर के ०.५४ वर घसरला. एक वर, एक खाली, आणि स्क्रीनवर फक्त दुसरा दिसतो. के-डीच्या छेदावर खरेदी-विक्री करणारे लोक सरासरीच्याही सरासरीच्या मागे धावत असतात. मी छेद वापरत नाही.

सिग्नल कमी करायचे असतील तर गुळगुळीत करण्यापेक्षा खिडकी मोठी करा. सेटिंगमधले शेवटचे चौदा बदलून अठ्ठावीस केले की पट्टी रुंद होते आणि आजचा आकडा टोकाचा असण्याची शक्यता घटते.

पायरी ७ : मोजा

```
=SUMPRODUCT((G17:G251>70)*(G16:G250<=70))
=SUMPRODUCT((H30:H251>0.8)*(H29:H250<=0.8))
```

पहिलं सूत्र वर्षभरात आरएसआयने ७० किती वेळा ओलांडला ते सांगतं, दुसरं स्टोकॅस्टिक आरएसआयने ०.८ किती वेळा. दोन आकडे शेजारी ठेवा. मी इथे माझे आकडे देत नाही, कारण शेअर बदलला की ते बदलतात आणि मग तुम्ही माझेच पाठ करून बसाल. प्रत्येक सिग्नलवर घेऊन विकायचं ठरवलं तर खर्च किती, हेही लगेच काढा. डिलिव्हरीत नुसता एसटीटी दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे एका फेरीला ०.२. वीस फेऱ्यांत भांडवलाचे चार टक्के सरकारजमा, ब्रोकरेज आणि भावातला फरक वेगळाच.

पायरी ८ : मग वापरायचा कसा

दिशा आरएसआयला विचारायची, वेळ याला. आरएसआय ५० च्या वर असेल तर मी फक्त एकच सिग्नल बघतो : स्टोकॅस्टिक आरएसआय ०.२ च्या खाली जाऊन परत वर आला, रुंदी दहाच्या वर आहे आणि त्या दिवशी आरएसआय खरोखर वाढलाय. चढत्या शेअरमधली विश्रांती संपल्याची ती खूण असू शकते. ०.८ च्या वर काय चाललंय ते तेजीत बघायचंच नाही. तिथे तो दिवसेंदिवस चिकटून राहतो आणि तेच अपेक्षित आहे. आरएसआय ५० च्या खाली असेल तर हेच उलट. आरएसआय ४५-५५ मधे लोंबकळत असेल तर हा इंडिकेटर बंद ठेवावा, कारण नेमका तेव्हाच तो सर्वांत जास्त बडबडतो.

पाच मिनिटांच्या चार्टवर हे सगळं लावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. एका दिवसात पाच मिनिटांच्या ७५ कॅंडल होतात, म्हणजे वरच्या हिशोबाने एकाच शेअरमध्ये रोज दहा ते वीस वेळा हा टोकाला टेकलेला सापडणार. त्यात सकाळी सव्वानऊला बाजार गॅपने उघडला की आरएसआय एका कॅंडलमध्ये झेप घेतो आणि चौदाच्या खिडकीत कालच्या दुपारचे संथ आकडे आणि आजची झेप एकत्र कोंबले जातात. कालची शेवटची कॅंडल खिडकीतून बाहेर पडायला चौदा कॅंडल, म्हणजे सत्तर मिनिटं लागतात. दहा वाजून पंचवीस मिनिटांच्या आत आलेला सिग्नल माझ्या वहीत लिहिला जात नाही.